महागाईचा दर 8 वरून 2 वर आला, तरी ते डिफ्लेशन का नव्हे

प्रश्न: "आरबीआय ग्रेड बी ची तयारी करतेय. मॉक टेस्टमध्ये असा प्रश्न होता: मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवल्यानंतर एका देशात महागाईचा वार्षिक दर चार वर्षांत अनुक्रमे 8, 6, 4 आणि 2 टक्के राहिला, याच काळात बेरोजगारी वाढली, या स्थितीला काय म्हणतात? मी डिफ्लेशन टिक केलं. उत्तर डिसइन्फ्लेशन निघालं. दोन्ही व्याख्या तोंडपाठ आहेत, तरी चुकलं, आणि खरं सांगायचं तर अजून पटलेलं नाही. मागणी आटलीये, मंदी आहे, आकडा सरळ खाली येतोय, मग हे डिफ्लेशन का नाही?" (परळ, मुंबई)

व्याख्या पाठ असूनही चुकलं म्हणजे गडबड व्याख्येत नाही, आकडे वाचण्यात आहे. मी मुंबईत बरीच वर्षं स्पर्धा परीक्षांच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवतो आणि सरावासाठी असे प्रश्न स्वतः काढतोही, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. तुमच्या उत्तरात दोन वेगळ्या चुका एकत्र आल्यात. पहिली बहुतेकांची होते. दुसरी मात्र ज्यांचा अभ्यास बरा झालाय त्यांचीच होते, आणि "अजून पटलेलं नाही" हे तुमचं वाक्य त्या दुसरीतून आलंय.

आधी पहिली. 8, 6, 4, 2 हे किमतींचे आकडे नाहीत. वर्षभरात किमती किती वाढल्या, त्याचे आहेत. माझ्या वर्गात सक्ती असते की प्रश्नात महागाईचे दर दिले असतील तर त्यांच्या खाली रफ पानावर निर्देशांकाची ओळ मांडायचीच. सुरुवातीची पातळी 100 धरा. पहिल्या वर्षी 8 टक्के वाढ, म्हणजे 108. दुसऱ्या वर्षी या 108 वर 6 टक्के, म्हणजे 114.48. तिसऱ्या वर्षी त्यावर 4 टक्के, म्हणजे साधारण 119.06. चौथ्या वर्षी 2 टक्के, म्हणजे 121.44. वरची ओळ दरवर्षी उतरतेय आणि खालची दरवर्षी चढतेय. चार वर्षांपूर्वी 100 रुपयांत येणाऱ्या सामानाला आता 121 रुपये 44 पैसे पडतात. एकाही वर्षी ते स्वस्त झालेलं नाही. डिफ्लेशनला खालची ओळ उतरावी लागते. इथे फक्त तिचा चढ मंदावलाय, आणि त्यालाच डिसइन्फ्लेशन म्हणतात.

मुंबईत भाड्याने राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. अकरा महिन्यांचा करार, भाडं 30,000. पहिल्या नूतनीकरणाला घरमालक 10 टक्के वाढवतो, म्हणजे 33,000. पुढच्या वेळी 7 टक्के, म्हणजे 35,310. त्यापुढे 5 टक्के, म्हणजे 37,075. घरमालक म्हणेल, "बघा, मी वाढ कमी कमी करत आणली." ते खरंच आहे. पण भाडं कमी झालं, असं भाडेकरू गावी फोन करून सांगणार नाही. भाड्याच्या बाबतीत आपण वाढ आणि रक्कम आपोआप वेगळी ठेवतो, कारण रक्कम दर महिन्याला खात्यातून जाते. महागाईच्या बाबतीत निर्देशांकाची पातळी कुणी बघतच नाही. बातमीत येते ती टक्केवारी, "महागाई घटली" या मथळ्यासकट, आणि डोळ्यांना तेवढाच आकडा पाहायची सवय लागते. मग परीक्षेत तो आकडा उतरताना दिसला की किमती उतरल्या असं वाटून जातं.

आलेखाच्या प्रश्नात हेच आणखी बेमालूम होतं. उतरत्या रेषेचं चित्र दोन्ही स्थितींत हुबेहूब सारखं काढता येतं. उभ्या अक्षावर निर्देशांक असेल तर उतरती रेषा म्हणजे डिफ्लेशन. उभ्या अक्षावर टक्केवारी असेल तर तीच रेषा डिसइन्फ्लेशन, जोवर ती शून्याच्या वर आहे तोवर. प्रश्न काढणारा पुष्कळदा अक्ष शून्यापासून सुरूच करत नाही, 2 टक्क्यांपासून करतो. रेषा थेट तळाला टेकलेली दिसते आणि डोळा त्या तळालाच शून्य समजतो. म्हणून रेषेचा आकार नंतर बघा. आधी अक्षावर काय लिहिलंय आणि शून्य कुठे आहे ते शोधा.

आता दुसरी चूक, आणि मला जास्त बोलायचंय ते हिच्याबद्दल. तुम्ही नुसता आकडा बघून फसला नाहीत. तुम्ही लक्षणांवरून निदान केलंत: व्याजदर वाढले, मागणी आटली, बेरोजगारी वाढली, म्हणजे डिफ्लेशन. पुस्तकांत डिफ्लेशनच्या प्रकरणात अमेरिकेतली 1930 च्या दशकातली महामंदी असते, आणि ही सगळी लक्षणं तिथे आहेत. पण तीच लक्षणं डिसइन्फ्लेशनमध्येही असतात, आणि याचं सर्वांत ठळक उदाहरण त्याच देशातलं आहे.

अमेरिकेत मार्च 1980 मध्ये ग्राहक महागाई 14.8 टक्क्यांपर्यंत गेली होती. पॉल व्होल्कर तेव्हा फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष होते. त्यांनी पैशाचा पुरवठा आवळला, व्याजदर कडाडले, कारखाने बंद पडले आणि 1982 च्या अखेरीस बेरोजगारी 10.8 टक्क्यांवर गेली. 1983 च्या मध्याला महागाई 3 टक्क्यांच्या खाली आली. तुमच्या मॉक टेस्टमधला प्रश्न जवळजवळ या घटनेवरच बेतलेला आहे. आता पातळी बघा: अमेरिकेचा ग्राहक किंमत निर्देशांक 1980 साली सरासरी 82.4 होता आणि 1983 साली 99.6. एवढी मोठी मंदी येऊनही तीन वर्षांत किमती सुमारे 21 टक्के चढल्या. उलट 1929 ते 1933 या काळात तिथल्या ग्राहक किमती जवळपास पाव हिश्शाने घसरल्या होत्या. दोन्ही वेळी मागणी कोसळली, माणसं कामावरून गेली, कर्जदार भरडले गेले. तरी पहिलं डिसइन्फ्लेशन आणि दुसरं डिफ्लेशन. थोडक्यात, बेरोजगारीचा आकडा या दोघांत फरक करायला उपयोगी पडत नाही. प्रश्नात तो मुद्दाम पेरलेला असतो. मी प्रश्न काढतो तेव्हा मीही पेरतो, कारण त्याशिवाय तो प्रश्न फार सोपा होतो.

कर्जदारांचा उल्लेख केला, तिथे थोडं थांबू. अभ्यासू मुलं इथेच अडकतात, आणि त्यांचं अडकणं समजण्यासारखं आहे. समजा एका उद्योजकाने 11 टक्के स्थिर दराने कर्ज घेतलं, कारण महागाई 8 टक्क्यांवर राहील असा त्याचा अंदाज होता. म्हणजे व्याजाचा खरा भार ढोबळमानाने 3 टक्के. महागाई 2 वर आली की खरा भार 9 टक्के होतो. त्याच्या मालाचे भाव त्याने धरलेल्या वेगाने वाढत नाहीत, हप्ता मात्र तोच. डिफ्लेशनमध्येही कर्जाचा खरा भार वाढतो, हे पाठ्यपुस्तकात ठळक अक्षरात असतं. तेवढं वाचलेला विद्यार्थी उलटा प्रवास करतो: कर्जदाराचं नुकसान झालं, म्हणजे डिफ्लेशन. पण हे नुकसान किमती पडल्यामुळेच होतं असं नाही. महागाई अपेक्षेपेक्षा कमी निघाली की पुरतं. दर उणे 2 झाला असता तर त्याच कर्जाचा खरा भार 13 टक्के झाला असता. दिशा एकच, फक्त मात्रा वेगळी. म्हणून परिणामावरून नाव ठरवायला गेलात की दोन्ही पर्याय बरोबर वाटतात, आणि मग आपण जो जास्त ओळखीचा तो टिक करतो.

मग परीक्षक या दोघांत एवढा भेद का करतात? काही परिणाम खरोखर वेगळे आहेत म्हणून. 30,000 रुपयांचा फ्रिज घ्यायचाय आणि महागाई 2 टक्के आहे. वर्षभर थांबलात तर तो 30,600 ला मिळेल, म्हणजे थांबण्यात तोटाच. दर 8 वरून 2 वर आला म्हणून कुणी खरेदी पुढे ढकलत नाही, फार तर घाई थोडी कमी होते. पण किमती वर्षाला 2 टक्के पडत असतील तर तोच फ्रिज पुढच्या वर्षी 29,400 ला, आणि हातातली रोख काही न करता वजनदार होतेय. आता थांबण्यात फायदा आहे. सगळेच थांबले तर मागणी आणखी पडते आणि किमतीही आणखी पडतात. हे चक्र डिफ्लेशनचं आहे, डिसइन्फ्लेशनमध्ये ते फिरत नाही. मध्यवर्ती बँकेची अडचणही वेगळी असते. महागाई 8 वरून 2 वर आणताना व्याजदर मुळात चढलेले असतात, त्यामुळे ते कमी करायला भरपूर जागा उरते. डिफ्लेशनमध्ये व्याजदर शून्याजवळ आले की पुढे फारसं खाली जाता येत नाही, आणि किमती पडत असल्याने शून्य व्याजही खऱ्या अर्थाने महागच पडतं. जपानने हे वर्षानुवर्षं भोगलं. एखाद्या प्रश्नात "लोक खरेदी लांबणीवर टाकत आहेत, कारण वस्तू आणखी स्वस्त होतील असं त्यांना वाटतं" असं वाक्य आलं, तर तो डिफ्लेशनचा खरा पुरावा. बेरोजगारी हा पुरावा नव्हे.

तुम्ही आरबीआयची परीक्षा देताय, म्हणून घरचं उदाहरण. 2023 आणि 2024 मधल्या पतधोरण निवेदनांत डिसइन्फ्लेशन हा शब्द पुन्हापुन्हा आलाय, आणि तेव्हा आपली ग्राहक महागाई 5 टक्क्यांच्या आसपास होती. पाच टक्क्यांनी भाव वाढत असताना बँक डिसइन्फ्लेशन म्हणतेय, याचा अर्थ एवढाच की आधी ते जास्त वेगाने वाढत होते आणि 4 टक्क्यांच्या लक्ष्याकडे यायला अजून थोडं अंतर होतं.

याहून कठीण उदाहरण ऑक्टोबर 2025 चं. 2012 पायाभूत वर्षाच्या मालिकेनुसार त्या महिन्याची ग्राहक महागाई होती 0.25 टक्के. वर्षभर आधी, ऑक्टोबर 2024 मध्ये, तीच 6.21 होती. ऑक्टोबर 2025 मधली अन्नधान्य महागाई तर चक्क उणे 5.02. म्हणजे भाजीपाला, डाळी अशा गोष्टी आदल्या वर्षीपेक्षा खरोखर स्वस्त होत्या. माझ्या वर्गात त्या वेळी निम्म्या मुलांनी डिफ्लेशन म्हणून हात वर केले. ते का नव्हतं ते बघा. निर्देशांकात अन्न आणि पेयांचा भार जवळपास 46 टक्के होता. तो भाग घसरला, पण उरलेला भाग वाढत होता. अन्न आणि इंधन वगळून काढलेली महागाई त्या महिन्यातही 4 टक्क्यांच्या वर होती, सोन्याच्या भावाचा त्यात मोठा हात होता. दोन्ही मिळून एकूण पातळी आदल्या वर्षीपेक्षा नखभर वरच राहिली. एका गटाचे भाव पडणं म्हणजे डिफ्लेशन नव्हे, सर्वसाधारण पातळी पडावी लागते. शिवाय ऑक्टोबर 2024 ला भाज्या कडाडल्या होत्या, तुलना त्या उंच आकड्याशी होत होती, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून अनेक वस्तूंवरचा जीएसटी कमी झाला होता. मागणी कोसळल्याचं हे चित्र नव्हतंच.

आता थोडं "परिस्थितीवर अवलंबून" असलेलं. प्रश्न नेहमी तुमच्या मॉक टेस्टइतका स्वच्छ नसतो. प्रश्नात निर्देशांक कोणता धरलाय यावर उत्तर बदलू शकतं. एप्रिल ते ऑक्टोबर 2023 या काळात आपली घाऊक महागाई सलग उणे होती, जूनमध्ये तर उणे 4 टक्क्यांच्याही खाली. त्याच जूनमध्ये ग्राहक महागाई 4.8 टक्क्यांच्या आसपास होती. प्रश्नाने फक्त घाऊक निर्देशांक दिला असेल आणि "घाऊक किमतींत काय घडलं" असं विचारलं असेल, तर डिफ्लेशन हे उत्तर योग्य आहे. "भारतीय अर्थव्यवस्थेत डिफ्लेशन होतं का" असं विचारलं असेल तर मी नाही म्हणेन. घाऊक निर्देशांकात सेवा येत नाहीत, आणि त्या वर्षीची घसरण बरीचशी खनिज तेल, धातू, खाद्यतेल यांच्या आदल्या वर्षीच्या चढ्या भावांमुळे होती.

दुसरी अडचण तुलनेच्या काळाची. आपल्याकडे थंडीत भाज्या उतरतात, त्यामुळे निर्देशांक महिन्यागणिक खाली येऊ शकतो. 2024-25 च्या हिवाळ्यात असंच झालं: नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत पातळी दर महिन्याला थोडी थोडी घसरत गेली, तरी फेब्रुवारी 2025 चा वार्षिक दर 3.61 टक्के होता. दादरच्या मंडईत गेलेल्याला जानेवारीत भाव उतरलेले दिसले, तर तो खोटं बोलत नाही. पण ऋतूप्रमाणे काही आठवडे भाव उतरले म्हणून कुणी डिफ्लेशन म्हणत नाही. टिकून राहणारी, सर्वदूर घसरण लागते. किती काळ टिकली म्हणजे टिकली, यावर पुस्तकांचं एकमत नाही. बहुपर्यायी प्रश्नात वार्षिक दर शून्याखाली दिला असेल तर परीक्षकाला डिफ्लेशनच अपेक्षित असतं, तिथे कालावधीचा कीस पाडू नका.

शेवटी एक मालिका सोडवून बघा. दोन्ही चुका एकदम तपासायला मी वर्गात हीच देतो: सलग पाच वर्षांचे महागाई दर 5, 2, 0.5, उणे 1 आणि उणे 0.4. खाली निर्देशांक मांडा: 105, 107.1, 107.64, 106.56, 106.13. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी डिसइन्फ्लेशन, यावर वाद नाही. चौथ्या वर्षी पातळी प्रथमच उतरली, तिथून डिफ्लेशन. पाचव्या वर्षावर मुलं हमखास अडखळतात. दर उणे 1 वरून उणे 0.4 झाला, म्हणजे आकडा वर आला, म्हणून काही जण इन्फ्लेशन लिहितात. काही जण "आकार कमी झाला" म्हणून डिसइन्फ्लेशन. पण पातळी 106.56 वरून 106.13 वर आली, किमती अजून पडतच आहेत, फक्त पडण्याचा वेग कमी झालाय. त्यामुळे पाचवं वर्षही डिफ्लेशनचंच. पर्यायांत "रिफ्लेशन" दिसला तरी नुसत्या या आकड्यांवरून तो टिक करू नका. मागणी पुन्हा उभी करून किमती आधीच्या पातळीकडे नेण्याच्या धोरणाला तो शब्द वापरतात, आणि धोरणाबद्दल या मालिकेत अक्षरही नाही.